शाब्दिक उदाहरणातून लिनियर प्रोग्राम कसा मांडायचा: तिखट आणि मसाल्याचं एक उदाहरण

लिनियर प्रोग्राम म्हणजे रेषीय बंधनं पाळून नफ्यासारखं एखादं रेषीय उद्दिष्ट जास्तीत जास्त किंवा कमीत कमी करायचं गणित. त्याचं उत्तर काढायला आलेख आहे, सिम्प्लेक्स पद्धत आहे, संगणक आहे. पण गोष्टीसारख्या लिहिलेल्या उदाहरणातून चल, बंधनं आणि उद्दिष्ट वेगळं काढायचं काम आधी आपल्यालाच करावं लागतं. तिथे एक गुणक चुकला तरी उत्तर बिनतक्रार येतं, फक्त ते दुसऱ्याच उदाहरणाचं असतं. म्हणून इथे एकच उदाहरण घेऊ आणि त्यातलं वाक्य न् वाक्य समीकरणात कसं उतरतं ते पाहू. उदाहरणातले भाव आणि वेळा हिशेबाला सोप्या पडतील अशा धरल्या आहेत.

उदाहरण

भिवापूर तालुक्यातला एक महिला बचत गट लाल तिखट आणि काळा मसाला तयार करून विकतो. गटाला आठवड्याला जास्तीत जास्त २५० किलो देठासकट सुकी मिरची मिळते, भाव १६० रुपये किलो. देठ आणि कचरा काढून कांडेपर्यंत वजनात २० टक्के घट येते. एक किलो मसाल्यात गटाचंच ४०० ग्रॅम तिखट आणि ६०० ग्रॅम खडा मसाला पडतो. खडा मसाला सरासरी ४०० रुपये किलो पडतो.

कांडप यंत्राला वीज रोज ५ तास मिळते, आठवड्यातले ६ दिवस. एक किलो तिखटाला यंत्रावर ६ मिनिटं लागतात. एक किलो मसाल्याला, त्यातल्या तिखटाचं कांडण धरून, १२ मिनिटं लागतात. देठ खुडणं, भाजणं, चाळणं आणि पिशव्या भरणं या हातकामाला तिखटासाठी किलोमागे ४५ मिनिटं आणि मसाल्यासाठी, त्यातल्या मिरचीची खुडणी धरून, ४० मिनिटं जातात. आठ महिला रोज ४ तास, आठवड्यातले ६ दिवस काम करतात. प्रत्येकीला आठवड्याचं ठरलेलं मानधन १,०८० रुपये आहे, काम कमी असो की जास्त.

तिखट ३२० रुपये किलोने जातं, मसाला ५२० रुपये किलोने. पिशवी, वीज वगैरे किरकोळ खर्च तिखटाला किलोमागे २० रुपये, मसाल्याला भाजायच्या तेलासकट ३० रुपये. जवळच्या आश्रमशाळेला दर आठवड्याला ५० किलो तिखट द्यायचंच आहे. आठवडी बाजारांत मिळून मसाला ८० किलोच्या वर खपत नाही. गटाने आठवड्याला काय आणि किती करावं?

चल: पेन उचलण्याआधी कशाचा निर्णय घ्यायचा ते ठरवा

उदाहरणात आकडे पुष्कळ आहेत, पण त्यातले बहुतेक गटाच्या हातात नाहीत. मिरचीचा भाव बाजार ठरवतो, वीज फीडरवरून ठरते, मानधन आधीच ठरलेलं आहे. सोमवारी सकाळी गटाला ठरवता येतात अशा गोष्टी दोनच आहेत: तिखट किती करायचं आणि मसाला किती करायचा. चल म्हणजे एवढंच. "मिरची किती आणायची" हा तिसरा चल घ्यायचा मोह होतो, पण तिखट आणि मसाला ठरला की लागणारी मिरची आपोआप ठरते.

आता चलाची व्याख्या पूर्ण वाक्यात लिहा. "x = तिखट" एवढ्यावर थांबलात तर पुढे हमखास घोळ होतो. वाक्यात तीन गोष्टी हव्यात: काय, कोणत्या एककात, किती काळासाठी.

x = आठवड्यात विकायला तयार केलेलं तिखट, किलोमध्ये.
y = आठवड्यात विकायला तयार केलेला मसाला, किलोमध्ये.

"विकायला" हा शब्द मुद्दाम घातला आहे. गट जे तिखट कांडतो त्यातलं काही मसाल्यात जातं. x म्हणजे कांडलेलं सगळं तिखट, की पिशवीत भरून विकलेलं? दोन्ही व्याख्या चालतात, पण निवड एकदा करायची आणि शेवटपर्यंत तीच पाळायची. पहिली व्याख्या घेतली तर विक्रीला `x - 0.4y` एवढंच उरतं, आणि आश्रमशाळेचं बंधनही याच रकमेवर लिहावं लागतं. आपण दुसरी घेतली आहे. त्यामुळे मसाल्यात जाणाऱ्या तिखटाचा सगळा भार, म्हणजे मिरची, यंत्राची वेळ आणि खुडणी, y च्या गुणकात टाकायचा. यंत्राच्या आणि हातकामाच्या वेळेत तो आधीच धरलेला आहे, उदाहरणात तसं स्पष्ट लिहिलं आहे. मिरचीचा मात्र आपल्यालाच काढावा लागेल.

बंधनं: एका वेळी एक साधन

उदाहरण वरून खाली वाचत वाक्यावाक्याला समीकरण लिहू नका. एक साधन हातात घ्या, ते कुठे कुठे खर्च होतं ते सगळ्या उदाहरणातून गोळा करा, मग त्याची एक ओळ लिहा. डावीकडे खर्च, उजवीकडे उपलब्धता, आणि दोन्हीकडे एकच एकक.

मिरचीपासून सुरुवात करू, कारण या उदाहरणातली सर्वात अवघड ओळ हीच आहे. उजवीकडचे २५० किलो देठासकट मिरचीचे आहेत, तर x तयार तिखटाचे किलो आहेत. मधली घट २० टक्के. इथे बरेच जण १ किलो तिखटाला १.२ किलो मिरची धरतात. पण घट मिरचीच्या वजनावर सांगितली आहे, तिखटाच्या नाही. १०० किलो मिरचीतून ८० किलो तिखट निघतं, म्हणून १ किलो तिखटाला १ ÷ ०.८ = १.२५ किलो मिरची लागते. पडताळा लगेच घेता येतो: १.२ धरून २०० किलो तिखटासाठी २४० किलो मिरची आणली तर कांडल्यावर १९२ किलोच निघेल. ८ किलोची तूट गुणकातून आली.

एक किलो मसाल्यात ०.४ किलो तिखट, म्हणजे ०.४ × १.२५ = ०.५ किलो मिरची. इथे घट विसरून थेट ०.४ लिहिणं ही या प्रकारच्या उदाहरणातली नेहमीची चूक आहे. तिचा परिणाम पुढे आकड्यात पाहू. ओळ अशी होते:

```
1.25x + 0.5y <= 250     (मिरची, किलो)
```

यंत्राची ओळ सोपी आहे, फक्त एकक सांभाळायचं. वीज तासांत आहे, काम मिनिटांत. ५ × ६ = ३० तास, म्हणजे १,८०० मिनिटं.

```
6x + 12y <= 1800        (यंत्र, मिनिटं)
```

उजवीकडे ३० च लिहिलं तर काय होईल? आठवडाभरात ५ किलो तिखटाच्या वर काही होणार नाही, आणि आश्रमशाळेला तर ५० किलो द्यायचे आहेत. उत्तरच मिळणार नाही. सोडवणारं सॉफ्टवेअर उत्तर शक्य नाही म्हणू लागलं की सगळ्यात आधी एककं तपासावीत.

हातकाम: ८ × ४ × ६ = १९२ तास, म्हणजे ११,५२० मिनिटं.

```
45x + 40y <= 11520      (हातकाम, मिनिटं)
```

उरल्या दोन अटी. त्या साधनाच्या नाहीत, विक्रीच्या आहेत. "द्यायचंच" म्हणजे किमान, म्हणून `x >= 50`. "८० च्या वर खपत नाही" म्हणजे कमाल, म्हणून `y <= 80`. चिन्हाची शंका आली तर एक आकडा घालून पाहा: ६० किलो तिखट केलं तर शाळा तक्रार करेल का? नाही. मग ६० त्या अटीत बसलं पाहिजे, आणि `x >= 50` मध्ये ते बसतं. "किमान", "निदान", "तरी" हे शब्द `>=` कडे नेतात. "जास्तीत जास्त", "पुरेल एवढंच", "च्या वर नाही" हे `<=` कडे. तरीही शब्दावर विसंबण्यापेक्षा आकडा घालणं पक्कं.

शेवटी `y >= 0`. x साठी वेगळं लिहायची गरज नाही, ५० ची अट ते काम करते. पण लिहिलं तर बिघडत नाही, आणि परीक्षेत लिहिलेलं बरं.

प्रमाणाची अट या उदाहरणात नाही, पण अशा उदाहरणांत ती वारंवार येते म्हणून इथेच पाहून घेऊ. समजा गटाने ठरवलं की एकूण मालात मसाला ३० टक्क्यांहून जास्त नको. सरळ भाषांतर केलं तर `y/(x+y) <= 0.3` येतं, आणि ते रेषीय नाही, कारण चलाला चलाने भागलं आहे. `x+y` नेहमी धन आहे, म्हणून दोन्ही बाजूंना त्याने गुणलं तरी चिन्ह बदलत नाही:

```
y <= 0.3(x + y)   म्हणजे   -0.3x + 0.7y <= 0
```

`y <= 0.3x` असं लिहू नका. त्याचा अर्थ मसाला तिखटाच्या ३० टक्के, एकूण मालाच्या नव्हे, आणि ती अट बरीच कडक आहे.

उद्दिष्ट: कोणता खर्च वजा करायचा

बंधनांत चूक झाली तर माल कमी पडतो, निदान कळतं तरी. उद्दिष्टातली चूक दिसतच नाही, कारण योजना अमलात येते, माल विकला जातो, फक्त मिळू शकला असता तेवढा पैसा मिळत नाही.

नियम असा: एक किलो जास्त केला तर जो खर्च वाढतो तोच त्या किलोतून वजा करायचा. मिरची वाढते, खडा मसाला वाढतो, पिशवी वाढते.

तिखट: ३२० − (१.२५ × १६०) − २० = ३२० − २०० − २० = १०० रुपये.
मसाला: ५२० − (०.५ × १६०) − (०.६ × ४००) − ३० = ५२० − ८० − २४० − ३० = १७० रुपये.

मसाल्यातल्या तिखटाची किंमत ३२० ने नाही, मिरचीच्या भावाने धरली आहे. ते तिखट विकलं असतं तर जास्त मिळालं असतं हे खरं, पण त्याची काळजी मिरचीचं बंधन घेतंच. इथेही धरलं तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाईल.

```
Maximize  Z = 100x + 170y
```

मानधन कुठे गेलं? ८ × १,०८० = ८,६४० रुपये दर आठवड्याला जाणारच, x आणि y काहीही असोत. ते Z मधून शेवटी एकदा वजा करता येईल, पण गुणकांत घालायचं नाही. नफा काढताना हातकामाचा खर्च मालावर वाटायची सवय असते, त्यामुळे इथे भलेभले फसतात: ८,६४० ÷ १९२ = ४५ रुपये तास, मग तिखटातून ३३.७५ रुपये वजा आणि मसाल्यातून ३० रुपये वजा. गुणक होतात ६६.२५ आणि १४०. दिसायला अधिक काटेकोर, पण याने उत्तरच बदलतं. कसं ते पाहू.

कोपऱ्यांवर हिशेब

दोनच चल असल्याने आलेख काढता येतो. सगळ्या अटी एकत्र मांडल्या की शक्य योजनांचा पाच कोपऱ्यांचा प्रदेश मिळतो, आणि सर्वोत्तम उत्तर कोपऱ्यावर असतं. महत्त्वाचा कोपरा मिरची आणि यंत्र दोन्ही पूर्ण वापरले जातात तिथला. यंत्राच्या ओळीला ६ ने भागलं तर `x = 300 - 2y`. मिरचीत घातलं की `375 - 2.5y + 0.5y = 250`, म्हणून y = ६२.५ आणि x = १७५.

| तिखट (किलो) | मसाला (किलो) | Z, रुपये | मानधन वाटून आलेला Z |
|---|---|---|---|
| ५० | ० | ५,००० | ३,३१२.५० |
| २०० | ० | २०,००० | १३,२५० |
| १७५ | ६२.५ | २८,१२५ | २०,३४३.७५ |
| १४० | ८० | २७,६०० | २०,४७५ |
| ५० | ८० | १८,६०० | १४,५१२.५० |

योग्य उत्तर १७५ किलो तिखट आणि ६२.५ किलो मसाला. मानधन ८,६४० वजा जाता गटाकडे १९,४८५ रुपये उरतात. मानधन वाटून टाकणारा १४० आणि ८० वर जातो, त्याच्या हातात १८,९६० रुपये उरतात. आठवड्याला ५२५ रुपयांचा फरक, तोही हाताशी असलेलं यंत्र, मिरची आणि बायकांचे तास तेवढेच असताना.

पण मानधन ठरलेलं नसून खुडणी किलोवर दिली जात असती, जशी अनेक ठिकाणी मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवून देठ खुडतात त्या जागी, दिली जाते, तर तो खर्च गुणकातून वजा करणंच बरोबर ठरलं असतं. म्हणून मजुरी कशी दिली जाते हे उदाहरणात शोधा. "ठरलेलं मानधन" आणि "किलोमागे मजुरी" या दोन शब्दांनी उद्दिष्ट बदलतं. मिरचीचंही तसंच: ती आधीच विकत घेऊन कोठीत पडली असेल, परत विकता किंवा साठवता येत नसेल, तर तिची किंमत वजा करायची नाही.

उत्तर परत उदाहरणात घालून पाहा

मांडणी बरोबर आहे का, हे उत्तर समीकरणात नाही, मूळ गोष्टीत घालून तपासायचं. १७५ किलो तिखट विकायचं आणि ६२.५ किलो मसाल्यात ०.४ प्रमाणे २५ किलो तिखट, म्हणजे एकूण २०० किलो कांडायचं. २५० किलो मिरचीतून २० टक्के गेली की २०० किलोच निघतं. जुळलं. यंत्र: १,०५० + ७५० = १,८०० मिनिटं, पूर्ण. हातकाम: ७,८७५ + २,५०० = १०,३७५ मिनिटं, म्हणजे ११,५२० पैकी १,१४५ मिनिटं, साधारण १९ तास, शिल्लक. हातकामाची ओळ कुठेच आड येत नाही. तरी ती मांडणीत ठेवायची. उद्या मिरची बरीच जास्त मिळू लागली तर हीच ओळ आड येऊ शकते.

आता मसाल्यात ०.४ लिहिणाऱ्याचं काय होतं ते याच पडताळ्यात दिसतं. त्याचं उत्तर येतं साधारण १८०.९५ किलो तिखट आणि ५९.५२ किलो मसाला. त्याला खरी मिरची लागते १.२५ × १८०.९५ + ०.५ × ५९.५२, म्हणजे जवळपास २५६ किलो. शनिवारी ६ किलो मिरची कमी पडेल आणि समीकरणात शोधून कारण सापडणार नाही.

६२.५ हा अपूर्णांक खटकू देऊ नका. किलो तोडता येतो. पाव किलोच्या पिशव्या भरल्या तर मसाल्याच्या २५० आणि तिखटाच्या ७०० पिशव्या, बरोबर पूर्ण. २०० ग्रॅमची पिशवी असती तर मसाल्याच्या ३१२.५ पिशव्या आल्या असत्या आणि अर्धी पिशवी सोडून द्यावी लागली असती, नुकसान किरकोळ. कुलर किंवा शिलाई यंत्रासारखा अखंड माल असेल तेव्हा मात्र पूर्णांकाची अट वेगळी लिहावी लागते.

एक गोष्ट रेषेत बसत नाही, ती सांगायला हवी. तिखटानंतर मसाला टाकण्याआधी यंत्र आणि जाळी साफ करावी लागते. तो वेळ किलोवर अवलंबून नाही, म्हणून तो १२ मिनिटांत मिसळू नका. आठवड्यातून एकदाच, समजा ४० मिनिटांची, सफाई होत असेल आणि दोन्ही माल होणारच असतील तर उजवीकडचे १,८०० काढून १,७६० करा.

संगणकावर

चल तीन-चार झाले की आलेख उपयोगाचा नाही. लिनियर प्रोग्राम सोडवणाऱ्या `glpsol` या सॉफ्टवेअरसाठी हीच मांडणी `gat.lp` या फाइलमध्ये अशी लिहितात:

```
Maximize
 Z: 100 x + 170 y
Subject To
 mirchi: 1.25 x + 0.5 y <= 250
 yantra: 6 x + 12 y <= 1800
 haat: 45 x + 40 y <= 11520
 shala: x >= 50
 bajar: y <= 80
End
```

```
glpsol --lp gat.lp -o uttar.txt
```

या फाइलच्या नियमाप्रमाणे चल शून्य किंवा जास्तच धरले जातात. एक्सेलमध्ये मात्र सॉल्व्हरच्या खिडकीत `Make Unconstrained Variables Non-Negative` वर खूण आहे का ते पाहा आणि `Select a Solving Method` मध्ये `Simplex LP` निवडा. `Solver could not find a feasible solution` आलं तर एककं आणि उलटी चिन्हं शोधा. `The Objective Cell values do not converge` आलं तर एखादं साधन मांडायचं राहिलं आहे. प्रमाणाची अट भागाकारात ठेवली तर रेषीयतेची अट पाळली जात नाही अशी सूचना येते.

`glpsol` च्या निकालात मिरचीच्या ओळीसमोर `Marginal` या रकान्यात १५ हा आकडा दिसतो, म्हणजे एक किलो मिरची जास्त मिळाली तर Z १५ रुपयांनी वाढतो. याचा अर्थ जादा मिरची १५ रुपये किलोने घ्यावी असा नाही. १६० रुपये आपण उद्दिष्टातच वजा केले आहेत, म्हणून १५ हे त्याच्या वरचे आहेत: ठरलेल्या २५० किलोंवर थोडी मिरची १७५ रुपयांच्या आत मिळाली तर घ्यायला परवडते. यंत्राच्या ओळीसमोर मिनिटाला साधारण १३.५४ रुपये येतात, म्हणजे तासाला ८१२.५० रुपये. गावातल्या दुसऱ्या चक्कीवर तासभर कांडून घ्यायचं झालं तर नेहमीच्या विजेशिवाय जास्तीचं भाडं याहून कमी आहे का, एवढंच विचारायचं.